आकडा ग्रुपवर कशाला?

रात्री पावणेदहाच्या सुमारास आमच्या भावंडांच्या ग्रुपवर एक आकडा आला. एक हजार. ओटा आवरून मी फोन हातात घेतला तेव्हा तो दिसला, आणि काही लिहायच्या आत नाहीसाही झाला. मेसेज डिलीट केल्याची ओळ तेवढी राहिली. अर्ध्या तासाने त्याच भावाच्या नावापुढे दोन हजार पाचशे आले, पाठोपाठ हात जोडल्याचं चित्र आलं, आणि ग्रुप पुन्हा गप्प झाला.

मधला तो अर्धा तास माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. कारण ती यादी मीच टाकली होती.

चुलत बहिणीचं लग्न डिसेंबरात होतं, नाशिकला गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. आजोबांची आम्ही नातवंडं तेरा. नवरीला वगळून बारा जणांचा नवा ग्रुप केला, कारण जुन्या ग्रुपवर तीही होती आणि तिला कळू द्यायचं नव्हतं. फ्रिज द्यायचा ठरला, किंमत तीस हजार. बाराने भागलं की प्रत्येकी अडीच हजार. मला हे फार सरळ वाटलं. एक ते बारा नावं लिहिली, खाली लिहिलं, ‘पाठवले की आपल्या नावापुढे रक्कम टाका’, आणि पुण्यातल्या भावाने पाच मिनिटांत पहिली ओळ भरली. त्याने पाच हजार लिहिले. प्रेमाने लिहिले, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण त्या एका ओळीनंतर बाकीच्या अकरा जणांसाठी प्रश्नच बदलला. अडीच हजार आता ठरलेला वाटा राहिला नाही, तो निम्मा आकडा झाला.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. भावंडांनी मिळून लग्नाची भेट द्यायची असेल तर कोणी किती दिले हे ग्रुपवर कधीच येऊ नये. आणि वस्तू आधी ठरवून तिची किंमत डोक्यांनी भागायची ही पद्धत सोडून द्यावी. आधी पैसे जमू द्यावेत, मग जमले तेवढ्यात वस्तू घ्यावी. बोलायला हे सोपं आहे. करताना ते चार-पाच ठिकाणी फसतं, आणि त्या जागा माहीत असल्या पाहिजेत.

समान वाट्याची बाजू मी हलकी धरत नाही. आमच्या मोठ्या काकांचं मत आजही तेच आहे: सगळ्यांनी सारखं द्यावं, म्हणजे कोणी कोणापेक्षा कमी नाही. या म्हणण्यात गरिबाची काळजी आहे. त्यांच्या तरुणपणी पाच भावांनी मिळून बहिणीला शिलाई मशीन दिलं, सगळे एकाच वाड्यात राहणारे, सगळ्यांच्या घरात साधारण तेवढाच पैसा. तिथे सारखा वाटा खरोखरच सारखा होता. आजही चार भावंडं नोकरीत आहेत आणि पगार उन्नीस-बीस आहेत, तर सरळ भागाकार करावा, उगाच गुंतागुंत करू नये.

पण आमच्या बारा जणांकडे बघा. सातपूरच्या काकांची तीन मुलं. मोठा अंबडच्या एका कंपनीत कंत्राटावर, मधली नर्सिंग शिकते, धाकटा बारावीत. मी तिघांनाही मोजलं, म्हणजे त्या एका घरातून साडेसात हजार निघणार होते. पुण्यातला भाऊ एकुलता एक, त्याच्या घरातून अडीच हजार. नवरीचा सख्खा भाऊही बारात धरला होता, ज्याचं घर त्या महिन्यात लॉन्स, जेवणावळ आणि दागिने यांच्या खर्चाने वाकलेलं होतं. डोक्यांनी सारखं केलं की घरांनी सारखं राहत नाही, आणि पैसा घरातून निघतो. हे मी कागद-पेन घेऊन बसले असते तर मलाच दिसलं असतं. बारावीतल्या मुलाला वाटा लावणं म्हणजे त्याच्या बापाला दुसऱ्यांदा वाटा लावणं.

समान वाट्यात आणखी एक गोष्ट लपलेली असते. आकडा कोण ठरवतं? ज्याला तो जड नाही तो. ज्याला जड आहे तो कधीही म्हणत नाही की, बाबांनो, आपण आठशे-आठशे काढू. ‘फ्रिजच देऊ या’ असं आवाज चढवून म्हणणाऱ्यांत सातपूरचं कोणी नव्हतं. म्हणजे काकांना जी काळजी हवी आहे, ती समान वाट्यातून तेव्हाच घेतली जाईल जेव्हा आकडा सगळ्यात अडचणीतल्या माणसाला परवडेल एवढा असेल. आणि तो माणूस कोण, हे तरी आपल्याला नक्की माहीत असतं का?

मला माहीत नव्हतं. हजाराचा मेसेज टाकून पुसणारा सातपूरचा नव्हता. तो निफाडचा आतेभाऊ होता, तीन एकर द्राक्षबाग असलेला, ज्याला घरात सगळे ‘बागाईतदार’ म्हणून हाका मारतात. त्याच्या दारात ट्रॅक्टर आहे, गेल्या वर्षी घराला नवा रंग दिला आहे. त्याला अडीच हजार म्हणजे काय, असंच मी धरून चालले होते.

आपल्या जिल्ह्यात राहून मला हे कळायला हवं होतं. तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त सुरू होतात, आणि नेमका तोच काळ द्राक्षवाल्याच्या हातातून पैसा जाण्याचा असतो. ऑक्टोबर छाटणी झालेली असते, कोवळी फूट आलेली असते, नोव्हेंबरात ढग आले किंवा धुकं पडलं की डावणी रोगाच्या भीतीने फवारणी करावी लागते, पाऊस झालाच तर लगोलग पुन्हा. मजूर रोख मागतात. औषधं दुकानातून उधारीवर येतात. घड विकून पैसा हातात यायला जानेवारी उजाडतो, पुष्कळदा मार्च, आणि व्यापाऱ्याने थकवलं तर त्याच्याही पुढे. एप्रिलमध्ये मी त्याच्याकडे गेले होते तेव्हा त्याने स्वतःहून सांगितलं. त्या रात्री त्याच्या खात्यात हजाराच्या वर थोडेच होते. हजार टाकले, वर पाच हजारांची ओळ दिसली, लाज वाटली, मेसेज पुसला, आणि शेजारच्या बागवाल्याकडून दीड हजार मागून आणले. हे सांगताना त्याच्या बोलण्यात राग नव्हता. “ताई, मार्चमध्ये मागितले असते ना, तर मी पाच दिले असते,” एवढंच म्हणाला.

या वाक्यात माझ्यासाठी दोन गोष्टी होत्या. एक, माणसाची ऐपत त्याच्या दारातल्या ट्रॅक्टरवरून कळत नाही. दुसरी, ऐपत बारा महिने एक नसते. म्हणून ‘ज्याची जास्त ऐपत त्याने जास्त द्यावं’ असं म्हणून कोणीतरी ग्रुपवर वाटे पाडणं हेही मला पटत नाही. काही घरांत मोठ्या भावाने दोन वाटे, कमावत्यांनी एक आणि शिकणाऱ्यांनी अर्धा अशी रीत आहे. समान वाट्यापेक्षा ती बरी, पण तिच्यातही एक माणूस दुसऱ्याच्या खिशाचा अंदाज बांधतो आणि तो सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. आमच्याकडे हीच रीत असती तर निफाडच्या भावाला मी दोन वाटे लावले असते.

काहीजण म्हणतील की आपल्याकडे आकडा पूर्वीपासून उघडच असतो. मांडवात टेबल टाकून आहेराची वही घेऊन बसलेला माणूस सगळ्यांनी पाहिला आहे. खेड्यात तर माइकवरून पुकारा होतो, अमक्या गावचे अमके, एकशे एक. खरं आहे. पण वहीचं काम काय असतं ते पाहा. तिच्यात नाव, गाव आणि रक्कम लिहिली जाते, लग्न उरकलं की ती कपाटात जाते, आणि त्या माणसाच्या घरी कार्य निघालं की बाहेर येते, त्याने किती केलं होतं ते पाहायला. त्याने पाचशे एक दिले असतील तर आपण त्याहून कमी देत नाही. तो दोन घरांमधला व्यवहार आहे आणि ती वही ज्याच्या घरचं कार्य त्याच्या ताब्यात राहते. शे-दोनशे नावांत एखादं कमी रकमेचं नाव कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. आमची यादी बारा ओळींची होती. ती फक्त आम्ही बारा जणांनी वाचायची होती, एका ताटात जेवून वाढलेल्या बारा जणांनी, आणि जिच्यासाठी ती होती तिने ती कधी पाहिलीही नाही. माइकवरच्या पुकाऱ्याचं तर मला समर्थनच करायचं नाही. तो बंद व्हावा असं मला मनापासून वाटतं.

दुसरी तुलना हॉटेलच्या बिलाची होते. त्र्यंबकला जाऊन आलो, पेट्रोल आणि जेवणाचे सात हजार झाले, टीटीएमएम, सात जण, हजार-हजार टाका. तिथे यादी टाकायला काहीच हरकत नाही. सगळे गाडीत बसले, सगळे जेवले, खर्च झालेला आहे आणि तो फेडायचा आहे. खर्च वाटून घेणारी जी ॲप्स आहेत ती याच कामासाठी केलेली आहेत, म्हणून ती ‘अमक्याचे बाकी’ असं सगळ्यांना दाखवतात. लग्नाच्या भेटीत बाकी कसली? मी बहिणीला काहीतरी देते, ते मला जमेल तेवढं आणि वाटेल तेवढं. त्याचं बिल झालं की देण्यातला आनंद जातो आणि नुसती वसुली उरते. आठ दिवसांनी मी ग्रुपवर ‘चार जणांचे बाकी आहेत’ असं लिहिलं होतं. आज ते वाक्य वाचलं की मला स्वतःचा राग येतो.

यंदा मेमध्ये धाकट्या चुलत भावाचं लग्न झालं. या वेळी दुसऱ्या रीतीने केलं, आणि ते कसं केलं ते सविस्तर सांगते.

नवऱ्या मुलाला आणि त्याच्या सख्ख्या बहिणीला वगळून अकरा जण. ग्रुपवर मी एकच मेसेज टाकला:

‘दादाच्या लग्नात आपण सगळी भावंडं मिळून एक वस्तू देऊ या. वस्तू अजून ठरलेली नाही, जमेल तेवढ्यात चांगली घेऊ. ज्याला जेवढं सोयीचं असेल तेवढं 12 तारखेपर्यंत फक्त मला पाठवा, किंवा पाकिटात घालून हातात द्या. इथे रक्कम, “पाठवले” किंवा स्क्रीनशॉट काहीही टाकू नका. या वेळी जमणार नसेल तर कळवायचीही गरज नाही, कार्डावर सगळ्यांची नावं असतीलच. शेवटी थोडं कमी पडलं तर हातभार लावू शकेल त्याने मला वेगळं सांगून ठेवा.’

यातलं प्रत्येक वाक्य काही कारणाने आहे. 12 तारीख अशासाठी की सातपूर-अंबडकडचे पगार सात ते दहा तारखेच्या दरम्यान होतात, आणि कंत्राटावरच्या माणसाचा एखादा दिवस पुढेही जातो. पहिल्या वेळी मी 25 तारखेला पैसे मागितले होते. महिनाअखेरीला अडीच हजार आणि दहा तारखेला अडीच हजार या दोन वेगळ्या रकमा आहेत, हे गृहिणी म्हणून तरी मला कळायला हवं होतं.

‘पाठवले’ असंही लिहू नका, हे वाचून दोघांनी विचारलं की एवढं कशाला. कारण असं. समजा मी उत्साहाने लिहिलं, ‘साडेनऊ हजार झाले’. मग एकाने लिहिलं, ‘ताई, माझे आले का बघ’. आणि संध्याकाळी मी लिहिलं, ‘दहा हजार झाले’. रक्कम कोणीच सांगितली नाही, तरी त्याने पाचशे दिले हे अकरा जणांना कळलं. म्हणून मधले आकडे सांगायचेच नाहीत. बेरीज एकदाच, शेवटी. पैसे गेल्याच्या हिरव्या पाटीचा स्क्रीनशॉट तर सरळ रक्कमच दाखवतो, आणि सवयीने तो टाकला जातो. पहिल्याच दिवशी एकीने टाकला. मी तिला वेगळा फोन करून काढायला लावला. ग्रुपवर काही बोलले नाही, कारण तिथे बोलले असते तर ज्यांनी पाहिला नव्हता त्यांनीही विचारलं असतं.

ग्रुपवर मतदान टाकायची सोय असते, तिनेही हे काम होत नाही. पाचशे, हजार, दोन हजार असे पर्याय देऊन ‘आपापलं टिक करा’ म्हणायचा मोह होतो, पण साध्या मतदानात कोणी कशावर टिक केलं ते नावानिशी दिसतं. वस्तू कोणती घ्यायची यासाठी मतदान जरूर घ्यावं. रकमेसाठी नको.

‘कळवायचीही गरज नाही’ या वाक्यावर आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाला. पुण्यातला भाऊ म्हणाला, “मग एखादा काहीच देणार नाही आणि नाव मात्र लागेल.” लागू दे. मी यावर खूप विचार केला आहे आणि माझं मत पक्कं आहे. जो मुद्दाम देत नाही त्याला एका कार्डावरच्या नावाने असं काय मिळतं? उलट, ज्याला खरंच जमत नाही त्याचं नाव गाळलं तर ते लग्नात, वस्तू देताना, सगळ्यांच्या देखत गळतं. या दोनांपैकी कोणती चूक आपल्याला चालेल हे आधी ठरवायला हवं. मला पहिली चालते. दुसरी कधीच चालणार नाही.

शेवटचं वाक्य, कमी पडण्याचं, हे मला अनुभवातून सुचलं. रक्कम जमेल तेवढ्यात वस्तू घ्यायची म्हटलं तरी कधी कधी हजार-दीड हजारासाठी चांगली वस्तू हुकते. अशा वेळी ग्रुपवर ‘अजून थोडे टाका’ म्हटलं की ज्यांनी आधीच ओढून-ताणून दिलेले असतात तेच पुन्हा खिसा चाचपतात. आधीच कोणी सांगून ठेवलं असेल तर एक फोन पुरतो आणि बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. दोघांनी सांगून ठेवलं होतं. या वेळी गरज पडली नाही.

12 तारखेच्या रात्री बेरीज केली, एकवीस हजार तीनशे. कोणी किती दिले ते मी इथेही लिहिणार नाही. एवढं मात्र सांगते, की सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान रक्कम यांच्यात मी समजत होते त्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर होतं, आणि दोन्ही रकमा ज्यांच्याकडून येतील असं मला वाटलं होतं त्यांच्याकडून आल्या नाहीत. समान वाटा लावला असता तर साधारण एकोणीसशे रुपये प्रत्येकी पडले असते. अकरांपैकी निम्म्यांना ते जड गेले असते आणि तिघांना फार कमी वाटले असते.

मग वस्तू. नवऱ्या मुलाला मी सरळ विचारलं, काय हवं आहे. लपवून आनंद द्यायचा हट्ट पहिल्या वेळी नडला होता, त्या घरी फ्रिज आधीच मामाकडून आलेला होता. त्याने पाथर्डी फाट्याला भाड्याने फ्लॅट घेतला होता आणि त्याला वॉशिंग मशीन हवं होतं. कमी जमले असते तर सेमी-ऑटोमॅटिक घ्यायचं, त्याहून कमी जमले असते तर भांडी बाजारातून रोजच्या वापराची चांगली पितळी-तांब्याची भांडी घ्यायची, असं मी मनाशी तीन पायऱ्यांवर ठरवून ठेवलं होतं. एकवीस हजारांत पूर्ण ऑटोमॅटिक बसलं. मशीन साडेअठरा हजारांना, घरपोच. खालचं लोखंडी स्टँड नऊशेचं. उरले एकोणीसशे. त्यात वरचा एक रुपया माझा घालून एक हजार नऊशे एकचं पाकीट केलं.

ग्रुपवर त्या दिवशी तीन गोष्टी टाकल्या: एकूण जमा, दुकानाच्या बिलाचा फोटो आणि उरलेल्या पैशांचं काय केलं ते. हिशोब उघडा असायलाच हवा, त्यात मी कोणालाही सूट देणार नाही. ज्याच्याकडे दहा जणांचे पैसे येतात त्याने बिल दाखवलंच पाहिजे, त्याच दिवशी. पण कशाचा हिशोब उघडा ठेवायचा हा खरा प्रश्न आहे. पैसा कुठे गेला हे सगळ्यांना कळलं पाहिजे. तो कोणाकडून किती आला हे कळून कोणाचं काय भलं होतं? आपले पैसे बेरजेत धरले आहेत ना, अशी शंका कोणाला आली तर त्याने मला विचारावं, मी त्याला त्याची एकट्याची नोंद दाखवीन. एकाने विचारलंही. दाखवली. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

कार्डावर नावं वयाच्या क्रमाने लिहिली, आजी असती तर तिने जशी हाक मारली असती तशी. बारावी झालेल्या सातपूरच्या धाकट्याचंही नाव होतं. त्याच्याकडून मी काही मागितलं नव्हतं, आणि त्याने काय दिलं किंवा नाही ते माझ्याकडेच राहील.

या रीतीला मर्यादा आहेत. पहिली म्हणजे मी. पैसे गोळा करणाऱ्याला सगळं कळतं, त्यावर उपाय नाही. फोनवरून पैसे आले की पाठवणाऱ्याचं नाव येतं आणि खात्याच्या नोंदीत राहतं. म्हणून हे काम कोणाकडे द्यायचं ते जपून ठरवावं. घरातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाकडे नको, त्याला लहान रक्कम पाठवताना संकोच वाटतो. जो सहज बोलून जातो त्याच्याकडेही नको. बायकोला सांगितलं, बायकोने जावेला सांगितलं, आणि ग्रुपवर न आलेला आकडा चुलीपाशी पोचला, असं होतं. घरात सून म्हणून नुकत्याच आलेल्या वहिनीवर तर हे ओझं टाकूच नये, तिचं कोणाशीच अजून नीट बोलणं झालेलं नसतं. मी माझी वही, म्हणजे फोनमधली नोंद, लग्नानंतर पुसून टाकली आणि तसं सांगितलं. पुढच्या लग्नात ‘मागच्या वेळी तू किती दिले होतेस’ असं कोणाला म्हणता येऊ नये, यासाठी एवढं तरी करता येतं. भावंडांची लग्नं पाच-सात वर्षं चालू राहतात, आणि पहिल्या लग्नातला आकडा दर बनून सगळ्यांच्या मानगुटीवर बसतो. फ्रिजच्या वेळी आमच्याकडे तेच झालं होतं. ‘तिला तीस हजारांचं दिलं, मग याला कमी कसं’ असं धाकट्याच्या वेळी एका आत्याने विचारलंच. मी म्हटलं, आत्या, जमले तेवढ्याचं दिलं, आणि सगळ्यांनी दिलं. त्यांचं समाधान झालं की नाही ते मला सांगता येणार नाही.

गोळा करणाऱ्यालाही कळू नये असं वाटत असेल तर एक जुनी सोय हाताशी आहे. लग्नाआधी केळवण होतंच. त्या दिवशी झाकणाचा डबा ठेवायचा आणि प्रत्येकाने नाव न लिहिलेलं, सारख्याच रंगाचं पाकीट त्यात टाकायचं. परगावचे जे येऊ शकत नाहीत त्यांची पाकिटं मात्र कोणीतरी भरावी लागतात, म्हणजे तेवढ्यांची रक्कम एकाला कळतेच. आणि केळवण लग्नाच्या अगदी तोंडावर असेल तर वस्तू घ्यायला दिवस उरत नाहीत. आमच्यात निम्मी भावंडं बाहेरगावी असल्याने आम्हाला हे जमलं नाही. सगळे नाशकातच असतील त्या घरांनी करून पाहावं.

दुसरी मर्यादा संख्येची. अकरा जणांत एकूण बेरजेवरून कोणाची रक्कम काढता येत नाही. चौघं असतील तर येते. तिघांनी आपापसात सांगितलं की चौथ्याची वजाबाकी करून कळते. तेव्हा तीन-चार भावंडांच्या घरी असल्या मेसेजचा उपयोग नाही. तिथे फोन उचलून ‘मला एवढं जमतंय, तुझं कसं आहे?’ असं एकेकाशी मोकळेपणी बोलावं, आणि तेवढंही बोलता येत नसेल तर प्रत्येकाने आपापली वेगळी भेट द्यावी. एकत्र देणं हा काही नियम नाही.

येत्या कार्तिकानंतर निफाडच्या आतेभावाच्या बहिणीचं लग्न आहे. सख्खा भाऊ म्हणून तो या वेळी यादीत नसेल. पैसे गोळा करायचं काम मी नर्सिंग झालेल्या सातपूरच्या बहिणीकडे दिलं आहे. ती आता नोकरीला लागली आहे, बोलायला मोजकी आहे. मेसेजचा मसुदा तिला पाठवला, तिने त्यात एकच बदल केला. 12 तारखेच्या जागी दोन तारखा घातल्या, ऑक्टोबरची 12 आणि नोव्हेंबरची 12. कोणाला दोनदा मिळून द्यायचं असेल तर देता यावं म्हणून.